रिग्रेशनच्या तक्त्यात पगार शून्य आणि चिन्हे उलटी : कामातील समाधानाच्या सर्वेक्षणाचे समस्या निवारण

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये, प्रकल्प अहवाल जमा करण्याच्या दिवसांत, जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे व्यवस्थापन व समाजकार्याचे विद्यार्थी माझ्याकडे एकाच प्रकारचा तक्ता घेऊन येतात. औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये दीड-दोनशे कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतलेली असते, SPSS या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन, म्हणजे अनेक घटकांवरून एका गोष्टीचा अंदाज बांधण्याची पद्धत, चालवलेले असते, आणि ‘कामातील समाधान कशावर अवलंबून आहे’ या प्रश्नाला तक्त्याने दिलेले उत्तर कोणालाही पटणार नाही असे असते. हा दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की त्याची कारणे आणि ती तपासण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच क्रम येथे मांडतो. ज्या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही ती आधी, आणि जिला मूळ कागदांचा गठ्ठा उघडावा लागतो ती नंतर.

खालील उदाहरणातील आकडे समजावून सांगण्यासाठी मी रचले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचे नाहीत. त्यातील दोष मात्र नेहमी भेटणारेच आहेत.

लक्षणे

समजा, २१२ कामगारांनी प्रश्नावली भरली. समाधानाचे पाच प्रश्न होते आणि त्यांच्या उत्तरांची सरासरी, म्हणजे १ ते ५ मधील एक आकडा, हे आपले ‘समाधान’. त्याचा अंदाज ज्यांवरून बांधायचा ते घटक असे : मासिक पगार रुपयांत, सुपरवायझरकडून मिळणारा आधार (चार प्रश्नांची सरासरी), कामाचा बोजा, कंत्राटी की कायम, पाळी, वय आणि सेवेची वर्षे. पडद्यावर आलेला तक्ता असा आहे.

```
              B      Beta    Sig.
(Constant)   3.710           .000
salary        .000   -.190   .009
support      -.210   -.240   .003
load          .190    .210   .006
contract      .330    .170   .021
shift         .090    .090   .210
age          -.012   -.130   .340
tenure       -.004   -.040   .770
```

हा तक्ता नीट वाचला तर तीन गोष्टी खटकतात. पगाराचा सहगुणक, म्हणजे B या रकान्यातील आकडा, शून्य आहे, तरीही त्याच्यापुढची Sig. .009 आहे, आणि Sig. इतकी लहान असली की संबंध निव्वळ योगायोगाचा नसावा असे मानतात, म्हणजे एकीकडे परिणाम नाही आणि दुसरीकडे परिणाम ठाम आहे, असे दोन्ही एकाच ओळीत लिहिलेले दिसते. दुसरे, ज्यांना सुपरवायझर आधार देतो ते अधिक असमाधानी आणि ज्यांच्यावर बोजा जास्त ते अधिक समाधानी, असे चिन्हे सांगतात. तिसरे, वय आणि सेवा या दोघांचाही काही संबंध दिसत नाही, जरी कारखान्यात चार दिवस उभे राहिलेल्या कोणालाही जुन्या आणि नव्या कामगारांतला फरक जाणवतो.

यांपैकी एक लक्षण जरी आपल्या तक्त्यात असेल तरी निष्कर्ष लिहायला बसू नये. ‘आमच्या अभ्यासात सुपरवायझरच्या आधाराचा विपरीत परिणाम आढळला’ असे वाक्य मी छापील अहवालात वाचलेले आहे, आणि त्यामागे प्रश्नावलीच्या एका पानावरील छपाईपलीकडे दुसरे काहीही नव्हते. ज्या कामगारांनी जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटे देऊन ती पाने भरली, त्यांनी सांगितले होते त्याच्या नेमके उलट त्यांच्या नावावर लिहिले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

पहिली तपासणी : पगाराचे एकक आणि दशांश स्थळे

हे सर्वांत सोपे आहे. B या रकान्यातील आकडा सांगतो की तो घटक एका एककाने वाढला आणि तक्त्यातील बाकीचे घटक तेच राहिले, तर समाधानाच्या अंदाजात किती गुणांचा फरक पडतो. येथे ‘एक एकक’ म्हणजे काय, हे आपणच ठरवलेले असते. पगार रुपयांत भरला असेल तर तक्ता एका रुपयाने समाधान किती बदलते ते सांगतो. अठरा हजार पगाराच्या माणसाला एक रुपया जास्त मिळाल्याने पाचपैकी किती गुण वाढणार? उत्तर ०.००००२ सारखे येणार, आणि पडद्यावर तीनच दशांश स्थळे असल्याने ते `.000` दिसणार. काही संगणकांवर तोच आकडा `2.000E-5` असा दिसतो. त्याचा अर्थ दशांश चिन्ह पाच घरे डावीकडे सरकवायचे, म्हणजे तेच ०.००००२.

तक्त्यावर दोनदा क्लिक करून त्या घरात पुन्हा दोनदा क्लिक केले की पूर्ण आकडा दिसतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे पगार हजारांत करून रिग्रेशन पुन्हा चालवणे.

```
COMPUTE salary_k = salary / 1000.
EXECUTE.
```

आता सहगुणक हजारपट होईल, म्हणजे −०.०२ असा वाचता येईल; उणे चिन्हाचे कारण तिसऱ्या तपासणीत कळेल. Beta, t आणि Sig. मध्ये काडीचाही बदल होणार नाही, कारण माहिती तीच आहे, फक्त माप बदलले आहे. Beta, t आणि Sig. तेच राहिले याची खात्री अवश्य करावी. Sig. बदलली असेल तर एकक बदलताना कोणाचा तरी पगार चुकीचा भरला गेला आहे किंवा काही माणसे गळाली आहेत.

येथेच एक गैरसमज दूर करतो. सहगुणकाच्या आकारावरून ‘पगारापेक्षा बोजा महत्त्वाचा’ अशी तुलना करता येत नाही, कारण एक हजार रुपये आणि बोजाच्या मापावरील एक पायरी ही दोन वेगळी मापे आहेत. मण आणि मैल यांत कोणते मोठे असे विचारण्यासारखे ते होईल.

दुसरी तपासणी : माणसे किती उरली आणि माप मर्यादेत आहे का

सहगुणकांच्या तक्त्यात किती माणसे मोजली गेली हे लिहिलेले नसते, म्हणून ते कोणी पाहतच नाही. वरच्या ANOVA या तक्त्यात Total च्या ओळीत df खाली जो आकडा असतो त्यात एक मिळवावा. आपल्या उदाहरणात तो १४५ आहे, म्हणजे १४६ माणसे. भरलेल्या प्रश्नावली २१२. मग ६६ माणसे गेली कोठे?

रिग्रेशनमध्ये ज्याचे एक जरी घर रिकामे असेल तो माणूस पूर्णपणे वगळला जातो, ही संगणकाची ठरलेली पद्धत आहे. आता आधाराचा गुण कसा काढला होता ते पाहू. विद्यार्थ्याने चारही उत्तरांची बेरीज करून चारने भागले होते. या सूत्रात चारपैकी एक जरी उत्तर रिकामे असले तरी पूर्ण गुणच रिकामा राहतो, आणि त्यासोबत त्या माणसाने दिलेली बाकीची तीस-पस्तीस उत्तरेही वाया जातात. चारपैकी किमान तीन उत्तरे असतील तर सरासरी धरावी, असे सांगणारे सूत्र SPSS मध्ये आहे, परंतु ते वापरण्याआधी आणखी एक गोष्ट पाहणे आवश्यक आहे.

Descriptives चालवून प्रत्येक घटकाचा Minimum आणि Maximum पाहावा. आधाराचे माप १ ते ५ आहे. मग Maximum ६.७५ कसा आला? प्रश्नावलीत ‘सांगता येत नाही’ या उत्तरासाठी ९ हा अंक ठरवला होता आणि संगणकाला ते कोणी सांगितले नाही. एका कामगाराची उत्तरे ४, ५, ९, ९ अशी होती. बेरीज २७, भागिले चार, म्हणजे ६.७५. ज्या माणसाने सुपरवायझरबद्दल दोन प्रश्नांवर बोलायचे टाळले तो आपल्या फाइलमध्ये संपूर्ण कारखान्यातील सर्वांत जास्त आधार मिळालेला माणूस होऊन बसला. अशी पंधरा-वीस माणसे असली की आधार आणि समाधान यांचा खरा संबंध पातळ होतो, कारण आधाराच्या वरच्या टोकाला भलतीच माणसे जाऊन बसलेली असतात.

```
MISSING VALUES s1 s2 s3 s4 (9).
COMPUTE support = MEAN.3(s1, s2, s3, s4).
EXECUTE.
```

पहिली ओळ ९ ला रिकामे उत्तर समजायला सांगते आणि दुसरी ओळ किमान तीन उत्तरे असणाऱ्यांची सरासरी काढते. या दोन ओळींचा क्रम उलटा करू नये. सरासरी आधी काढली तर ९ तिच्यात मिसळलेले राहतील. या दुरुस्तीनंतर समजा माणसे ४८ ने वाढली आणि एकूण १९४ झाली. उरलेल्या १८ जणांनी पगार लिहिलेला नाही किंवा आधाराचे दोन वा अधिक प्रश्न सोडलेले आहेत. ते कोण आहेत हे नावानिशी नव्हे पण प्रकाराने पाहावे. अठरापैकी सोळा जण कंत्राटी असतील तर आपला तक्ता कंत्राटी कामगारांविषयी जे सांगतो ते पगार सांगायला न कचरणाऱ्या कंत्राटी कामगारांविषयीच आहे, ही मर्यादा अहवालात लिहिली पाहिजे.

तिसरी तपासणी : मापाची दिशा

उलट्या चिन्हांचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते, म्हणून याला अधिक वेळ द्यावा.

कोरी प्रश्नावली समोर ठेवावी. संगणकातील फाइल नव्हे, छापलेला कागद. प्रत्येक विभागाच्या डोक्यावरील ओळ मोठ्याने वाचावी. आपल्या उदाहरणात समाधानाच्या पानावर ‘१ = पूर्ण सहमत … ५ = पूर्ण असहमत’ असे आहे आणि आधाराच्या पानावर ‘१ = कधीच नाही … ५ = नेहमी’ असे आहे. दोन पाने दोन वेगळ्या जुन्या प्रश्नावलींवरून घेतली की असे होते. आता ‘मी माझ्या कामावर समाधानी आहे’ या वाक्याला पूर्ण सहमत असणाऱ्या कामगाराला १ गुण मिळाला आणि पूर्ण असहमत असणाऱ्याला ५. म्हणजे फाइलमध्ये ज्याला आपण समाधान म्हणतो आहोत ते प्रत्यक्षात असमाधान आहे. आधार वाढला की असमाधान घटते, बोजा वाढला की असमाधान वाढते, कंत्राटी माणसाचे असमाधान जास्त. तक्ता हे सरळ सांगत होता, आपणच त्याच्यावर चुकीची पाटी लावली होती.

दिशा चुकली आहे की नाही आणि कोठे चुकली आहे, हे चिन्हांच्या ठेवणीवरून ओळखता येते. तक्त्यातील सगळीच ठळक चिन्हे अपेक्षेच्या उलट असतील तर समाधानाचे माप उलटे आहे. एकाच घटकाचे चिन्ह उलटे असेल आणि बाकीची जागेवर असतील तर त्या एका घटकाचे माप उलटे असण्याचा संभव आहे. आणि चिन्हे धड सरळही नाहीत, उलटीही नाहीत, सगळे सहगुणक मरगळलेले आणि शून्याच्या आसपास घुटमळणारे असतील, तर समाधानाच्या पाच प्रश्नांपैकी काही सरळ आणि काही उलटे असून ते तसेच बेरजेत घेतले आहेत असे समजावे.

हा शेवटचा प्रकार सर्वांत त्रासदायक असतो. ‘दुसरी संधी मिळाली तर मी हे काम सोडेन’ हा प्रश्न समाधानाच्या पानावर असणे योग्यच आहे, परंतु त्याला सहमती म्हणजे असमाधान. तो उलटवल्याशिवाय सरासरीत घेतला तर तो बाकीच्या प्रश्नांना खोडत राहतो. असा प्रश्न शोधण्यासाठी Reliability Analysis चालवून Corrected Item-Total Correlation हा रकाना पाहावा. तेथे ज्या प्रश्नापुढे उणे चिन्ह आहे तो प्रश्न बाकीच्यांच्या विरुद्ध दिशेने चालला आहे.

माप उलटवण्याचे गणित सोपे आहे. १ ते ५ च्या मापात ६ मधून जुना गुण वजा करावा, १ ते ७ मध्ये ८ मधून. समाधानाचे पूर्ण मापच उलटे असेल तर

```
COMPUTE satis = 6 - satis_old.
EXECUTE.
```

एवढी एक ओळ पुरते. त्यानंतर रिग्रेशन पुन्हा चालवले की प्रत्येक सहगुणकाचे चिन्ह बदलेल, त्याचा आकार, प्रमाण त्रुटी म्हणजे सहगुणकातील अनिश्चिततेचे माप, Sig. आणि R Square जसेच्या तसे राहतील, आणि Constant ६ वजा जुना Constant इतका होईल. हा पडताळा हमखास करावा. आकार बदलले तर उलटवताना आणखी काहीतरी बदलले आहे असे समजून मागे जावे.

येथे एक कळकळीची विनंती आहे. चिन्ह आपल्याला आवडले नाही एवढ्यावरून कोणतेही माप उलटवू नये. छापील कागदावर दिशा उलटी असल्याचा पुरावा सापडला तरच उलटवावे. कागद सरळ असेल आणि चिन्ह तरीही अनपेक्षित असेल, तर ते चिन्ह कदाचित कारखान्याविषयी खरे काही सांगत असेल. पुराव्याशिवाय उलटवलेले माप म्हणजे कामगाराच्या तोंडी आपले उत्तर घालणे होय.

कागदही सरळ आहे आणि तरी एखादा प्रश्न विचित्र वागतो, असेही होते. ‘मला या कामाचा कंटाळा येत नाही’ या वाक्याला ‘असहमत’ म्हणणे म्हणजे कंटाळा येतो, हे टेबलाशी बसून समजते. पाळी संपवून उभ्या-उभ्या कागद भरणाऱ्या माणसाची तेथे गफलत होते. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या कामगारांना अशी दुहेरी नकाराची प्रमाण मराठी वाक्ये वाचायला देण्यापेक्षा प्रश्न तोंडी, त्यांच्या बोलीत विचारावा. तो प्रश्न मागाहून दुरुस्त करता येत नाही; सरासरीतून वगळून तसे अहवालात नमूद करावे.

चौथी तपासणी : नावांना दिलेले अंक

पाळीला १ = सकाळ, २ = दुपार, ३ = रात्र असे अंक दिले होते आणि तो रकाना तसाच रिग्रेशनमध्ये घातला होता. संगणकाला ही नावे आहेत हे ठाऊक नसते. त्याने असे गृहीत धरले की सकाळपासून दुपारपर्यंत समाधानात जितका फरक पडतो तितकाच, त्याच दिशेने, दुपारपासून रात्रीपर्यंत पडतो. कारखान्यात असे क्वचितच असते. सकाळ आणि दुपार यांत फारसा फरक नसतो, पण रात्रीची पाळी झोप, जेवण आणि गावाकडे जाणारी बस या सगळ्यावर परिणाम करते.

उपाय असा की एक पाळी तुलनेसाठी बाजूला ठेवावी आणि बाकीच्या दोन पाळ्यांसाठी शून्य-एकचे दोन रकाने करावेत.

```
COMPUTE evening = (shift = 2).
COMPUTE night = (shift = 3).
EXECUTE.
```

आता दोन्ही सहगुणक सकाळच्या पाळीशी तुलना सांगतील. पाळीच्या जागी विभाग किंवा तालुका असेल तर हे आणखी गरजेचे आहे, कारण पाळ्यांना निदान दिवसाचा क्रम असतो. चोपडा, यावल आणि रावेर यांना दिलेल्या १, २, ३ मध्ये तोही नसतो.

पाचवी तपासणी : वय आणि सेवा एकत्र

आपल्याकडील बरेच कामगार विशीच्या आसपास कारखान्यात लागतात आणि तेथेच राहतात. त्यामुळे वय आणि सेवेची वर्षे जवळजवळ हातात हात घालून वाढतात. दोन्ही एकाच तक्त्यात घातली की वयाचा सहगुणक फार अवघड प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो : सेवा समान असलेल्या दोघांपैकी जो एक वर्षाने मोठा, म्हणजे जो उशिरा कामाला लागला, त्याचे समाधान किती वेगळे? अशी माणसे थोडीच असल्याने उत्तर डळमळीत येते आणि दोन्ही ओळींत Sig. मोठी दिसते. म्हणून ‘वयाचा आणि सेवेचा समाधानाशी संबंध नाही’ असे लिहिणे चूक ठरते. दोघांतला कोणता, हे ही माहिती सांगू शकत नाही, इतकेच खरे आहे.

रिग्रेशनच्या Statistics मध्ये Collinearity diagnostics वर खूण केली की एखादा घटक बाकीच्या घटकांशी किती जोडलेला आहे हे दाखवणारा VIF नावाचा रकाना मिळतो. त्यात पाचच्या वर गेलेल्या आकड्याकडे लक्ष द्यावे आणि दहाच्या वर गेलेल्याकडे दुर्लक्ष करूच नये, असा व्यवहारातील दंडक आहे. तो नियम नाही. दोघांपैकी आपल्या प्रश्नाला जवळचा घटक ठेवावा. नोकरीविषयी विचारत असाल तर सेवा ठेवणे मला योग्य वाटते. कोणता वगळला आणि का, हे लिहावे.

दुरुस्त तक्ता आणि त्याचे वाचन

| घटक | B | प्रमाण त्रुटी | Sig. |
|---|---|---|---|
| Constant | २.२० | ०.३५ | .००१ पेक्षा कमी |
| पगार (हजार रुपये) | ०.०२० | ०.००७ | .००५ |
| सुपरवायझरचा आधार | ०.३८ | ०.०६ | .००१ पेक्षा कमी |
| कामाचा बोजा | −०.२४ | ०.०६ | .००१ पेक्षा कमी |
| कंत्राटी (कायम = ०) | −०.३० | ०.११ | .००७ |
| दुपारपाळी (सकाळ = ०) | −०.०५ | ०.१० | .६२ |
| रात्रपाळी (सकाळ = ०) | −०.२२ | ०.१० | .०२९ |
| सेवा (वर्षे) | ०.०१५ | ०.००७ | .०३४ |

पडद्यावर Sig. च्या घरात `.000` दिसले तरी अहवालात शून्य लिहू नये, ते .००१ पेक्षा कमी आहे एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणू. कायम नोकरी, सकाळपाळी, पगार अठरा हजार, दहा वर्षे सेवा, आधार ३ आणि बोजा ३. त्याचा अंदाज असा : २.२० अधिक १८ × ०.०२० म्हणजे ०.३६, अधिक ३ × ०.३८ म्हणजे १.१४, उणे ३ × ०.२४ म्हणजे ०.७२, अधिक १० × ०.०१५ म्हणजे ०.१५. एकूण ३.१३. हाच माणूस, बाकी सर्व तेच, पण आधार ३ ऐवजी ४ असणारा असेल तर अंदाज ३.५१ होतो. या दोन आकड्यांतील ०.३८ हाच आधाराचा सहगुणक आहे. पाच हजार रुपये अधिक पगार असलेल्याचा अंदाज ०.१० ने जास्त निघतो. एकट्या २.२० ला मात्र अर्थ नाही, कारण तो पगार शून्य आणि आधारही शून्य असलेल्या माणसाचा अंदाज आहे, आणि असा माणूस आपल्या मापात बसतच नाही.

आधाराची प्रमाण त्रुटी ०.०६ आहे. तिच्या साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना सोडली तर ०.२६ ते ०.५० एवढा पट्टा मिळतो, आणि तो सगळाच शून्याच्या वर आहे. दुपारपाळीचा पट्टा −०.२५ ते ०.१५ असा शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. म्हणून ‘दुपारपाळी आणि सकाळपाळी यांत फरक नाही’ असे लिहू नये. ‘फरक आहे की नाही हे या १९४ जणांवरून सांगता येत नाही’ असे लिहावे.

आणखी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. ‘आधार वाढवला तर समाधान ०.३८ ने वाढेल’ असे हा तक्ता म्हणत नाही. एकाच दिवशी भरलेल्या प्रश्नावलीत आपण एका माणसाची दुसऱ्याशी तुलना केली आहे, त्याच माणसात बदल घडताना पाहिलेला नाही. मुळात समाधानी असणारा माणूस सुपरवायझरबद्दलही चांगलेच लिहीत असेल, ही शक्यता तशीच उरते. ‘बाकीचे घटक सारखे असताना, एका गुणाने अधिक आधार असल्याचे सांगणाऱ्यांचे समाधान सरासरी ०.३८ ने जास्त आढळले’ हे वाक्य योग्य आहे.

कोठे थांबावे आणि संख्याशास्त्रज्ञाकडे जावे

या पाच तपासण्यांनंतरही चिन्ह अनपेक्षित राहिले आणि चार-पाच माणसे वगळताच ते बदलू लागले, तर स्वतः माणसे वगळून तक्ता सुधारत बसू नये. तेथे हात थांबवावा.

कामगार पाच-सहा कारखान्यांतून घेतले असतील, किंवा एकेका सुपरवायझरच्या हाताखालील वीस-वीस जण असतील, तरीही थांबावे. एका सुपरवायझरची वीस माणसे त्याच्याबद्दल जे सांगतात ते वीस स्वतंत्र साक्षी नसतात. साधे रिग्रेशन त्यांना स्वतंत्र धरते, त्यामुळे प्रमाण त्रुटी बहुधा लहान निघते आणि Sig. आहे त्याहून ठाम दिसते. त्यासाठी बहुस्तरीय पद्धत लागते आणि ती पुस्तक वाचून एका रात्रीत लावू नये. समाधान एकाच प्रश्नावर ‘हो, थोडेफार, नाही’ असे तीनच उत्तरांत विचारले असेल तर पद्धतच वेगळी निवडावी लागते. पगाराची घरे मोठ्या संख्येने रिकामी असतील तर तेथे सरासरी भरून टाकण्याचा मोह आवरावा. ती भरण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांचा निर्णय जाणकाराने घ्यावा.

विद्यापीठातील किंवा जवळच्या महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जाताना मोबाइलमध्ये काढलेला तक्त्याचा फोटो नेऊ नये, कारण वर सांगितलेल्या दोषांचे मूळ त्यात दिसत नाही. कोरी छापील प्रश्नावली, कोणत्या उत्तराला कोणता अंक दिला त्याचा कागद, कोणतीही दुरुस्ती न केलेली मूळ फाइल, आजवर चालवलेल्या आज्ञांची फाइल आणि भरलेल्या प्रश्नावलींपैकी नावे झाकलेल्या आठ-दहा, एवढे सोबत न्यावे.